नळ्यांचा फोटो

चंद्रावतीचा आवाज जानकीने दहा वर्षांनी, तोही पाठमोरी असताना, ओळखला. म्हापशाच्या त्या दवाखान्यात रोज चाळीस-पन्नास बायका बोलायच्या, कण्हायच्या, एकमेकींची दुखणी उकरून काढायच्या. जानकीच्या कानाला त्याची सवय होती. पण "अगो बाय, आमचो नंबर केन्ना?" हे शब्द असे काही ठसक्यात आले की तिच्या हातातला ट्रे टेबलावर जरा जोरातच आदळला. ती वळली. बाकावर तिची एकेकाळची सासू बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले, नाकातली नथ तीच, आणि शेजारी मान खाली घालून बसलेली एक पोरसवदा बाई.

चंद्रावतीने जानकीला ओळखलं नाही. एक तर डोळे गेलेले, आणि दुसरं म्हणजे दवाखान्यातल्या आयाबाईच्या तोंडाकडे बघतो कोण. पांढरी साडी दिसली की माणसं हात पुढे करून चिठ्ठी देतात, एवढंच. चंद्रावतीनेही तशीच चिठ्ठी पुढे केली. जानकीने ती वाचली. शेवंती कृष्णनाथ, वय चोवीस, लग्नाला सहा वर्षं, मूल नाही. गर्भाशयाचा आणि नळ्यांचा एक्स-रे.

कृष्णनाथ. हे नाव वाचताना जानकीच्या दातांवर दात बसले.

जानकी मूळची पेडण्याकडची, कोरगावची. एकोणिसाव्या वर्षी ती डिचोली तालुक्यात, खाणीच्या रस्त्यावरच्या एका घरात कृष्णनाथची बायको म्हणून गेली. कृष्णनाथ खनिजाचा ट्रक चालवायचा. सहा वर्षं पाळणा हलला नाही. त्या सहा वर्षांत चंद्रावतीने तिला काय काय पाजलं याची यादी केली तर एक वैदूचं दुकान निघेल. देवळात कौल लावून झाले, नवस बोलून झाले. डॉक्टरकडे मात्र कोणी नेलं नाही, आणि कृष्णनाथला तर काढासुद्धा कोणी पाजला नाही. मग एक दिवस चंद्रावतीचा भाऊ एक जुनं पुस्तक घेऊन आला. पोर्तुगिजांच्या काळात हिंदूंच्या रीतिरिवाजांचा एक कायदा लिहून ठेवलेला आहे, त्यात बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झालं नाही तर नवऱ्याला दुसरी करायची मुभा आहे, असं त्याने ओसरीवर बसून वाचून दाखवलं. त्या दिवसापासून घरात जानकीची जेवणं मोजली गेली नाहीत, तिचे वाढदिवस मोजले गेले. पंचवीस भरली आणि आठव्या दिवशी दुसऱ्या लग्नाच्या संमतीच्या कागदावर तिची सही घेतली. कृष्णनाथ तेव्हा दारातच उभा होता. तो एक शब्द बोलला नाही. बोलला असता तरी काय बोलणार, म्हणा. त्या घरात त्याची जीभ आईच्या कनवटीला होती.

उंबरठा ओलांडताना जानकी म्हणाली होती, "ह्या घरात पाळणो हालाचो नाय." ती शापबिप मानणारी नव्हती. पण तोंडातून गेलं ते गेलं, आणि परत घ्यावं असं तिला एकदाही वाटलं नाही.

आता तिने कागद-पेन घेतलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"पाळी कधी आली होती? आज कितवा दिवस?"

"नववा," चंद्रावतीनेच उत्तर दिलं. "डॉक्टरणीन सातव्यापासून धाव्यापर्यंत येवक सांगलेलां. आमी बरोबर मोजून इलों."

त्या घरात दिवस कसे मोजतात हे जानकीइतकं कोणाला ठाऊक असणार? पहिले तीन दिवस बाई बाहेर बसते, ते दिवस कोणी धरतच नाही. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाण झालं की तो पहिला दिवस. म्हणजे यांचा नववा तो डॉक्टरचा बारावा. तिने शेवंतीला हळूच विचारलं, "न्हाणापासून मोजलंस ना?" शेवंतीने मान हलवली. बारावा दिवस म्हणजे बीज सुटायची वेळ. चुकून गर्भ राहिलेला असला तर त्याच्यावर एक्स-रे आणि औषध दोन्ही जायचे.

डॉ. विनोदिनी केंकरे यांनी त्यांना परत पाठवलं. दिवस रक्तस्राव सुरू झाल्यापासून मोजायचे, पुढच्या महिन्यात सातव्या ते दहाव्या दिवशी यायचं, आणि पाळीपासून तपासणी होईपर्यंत नवऱ्यापासून लांब राहायचं, असं समजावलं. जाताना चंद्रावती जिन्यावर सुनेला म्हणत होती, "एक कळना तुका. मोजूकसुद्धा येना. पंचवीस भरूक येयलीं तुजीं, आतां आनी एक म्हयनो गेलो."

मोजलं होतं सासूने, आणि अक्कल निघाली सुनेची. जानकीला हे ऐकून काय वाटावं? दया वाटायला हवी होती. वाटली नाही. तिच्या मनात आलं, भोग तू पण. माझ्या चुलीवर चहा ठेवतेस ना, माझ्या खाटेवर निजतेस ना, मग पुढचंही भोग.

तो सगळा महिना ती एकाच गोष्टीचा विचार करत राहिली. दवाखान्यात तिला जुन्या बायका मानायच्या, डॉक्टरीणबाईंचा तिच्यावर भरवसा होता. एकदा बाईंनी तिला म्हटलंही होतं, "जानकी, तुझाही एक्स-रे काढून टाकू या, मनातली शंका तरी जाईल." तेव्हा ती म्हणाली होती, "नळ्या उघड्या निघाल्या तर कोणाला दाखवू? आणि बंद निघाल्या तर कोणाला सांगू?" पण या महिन्यात तिला रोज वाटायचं की चंद्रावतीच्या घरची दुसरी सूनही वांझ निघावी. डॉक्टरने लेखी द्यावं. म्हातारीने मांडी बदलत बाकावर बसून ते ऐकावं. चार वर्षं मुली शोधत फिरून, शेवटी दोडामार्गाकडच्या गरीब घरातून जी आणली तिच्यातही काही नाही, हे तिला कळावं. सूड म्हणून जानकीला एवढंच सुचत होतं, आणि तेवढं तिला पुरेसं वाटत होतं.

पुढच्या महिन्यात सासू-सून आल्या तेव्हा डॉक्टरी हिशेबाने आठवा दिवस होता. स्राव थांबलेला होता. बाईंनी आत तपासून घेतलं, ताप नाही, पांढरं जात नाही, याआधी कुठलं इंजेक्शन बाधलेलं नाही, याची खात्री केली. मग जानकीला म्हणाल्या, "हिला गोळी दे. तासाभराने घेऊ."

ही गोळी दुखणं कमी करायची आणि पेटका येऊ न द्यायची. देणं जानकीचं काम. जानकीने कपाट उघडलं, ती गोळी काढली, आणि आपल्या कमरेच्या पिशवीत टाकली. शेवंतीच्या हातावर तिने सोडामिंट ठेवली. पित्ताची, चघळायची.

"गीळ," ती म्हणाली. "पाण्यासोबत."

तेवढ्यावर ती थांबली नाही. तिला हवं होतं शेवंतीने घाबरावं. झगा घालायला देताना ती म्हणाली, "आत नळी घालतात. औषध सोडलं की पोट असं पिळवटतं की गेल्या महिन्यातली एक बाई टेबलावरून उठूनच पळाली." असं काही झालेलं नव्हतं. बहुतेक बायकांना पाळीसारखी कळ यायची, काही मिनिटांत ओसरायची, कधी कधी खांदा दुखायचा, एक-दोन दिवस थोडे डाग पडायचे, एवढंच. जानकीला ते पाठ होतं, आणि एरवी ती प्रत्येकीला तेच सांगून धीर द्यायची. त्या दिवशी तिने जिभेला आवर घातला नाही.

शेवंती पांढरीफटक पडली. "मावशे," ती म्हणाली, "तू आत आसशीत मां?"

"असेन तर," जानकी म्हणाली. त्यातली चव तिने मनातल्या मनात घेतली.

एक्स-रेच्या खोलीत टेबल थंडगार असायचं. शेवंतीला पाठीवर झोपवून पाय वर घेतले. बाईंनी शिशाचा जाड एप्रन चढवला, जानकीनेही. बाईंनी आत चिमटा लावून गर्भाशयाचं तोंड दिसेल असं केलं, ते औषधाने पुसून घेतलं आणि बारीक नळी आत बसवली. एक्स-रेवाला शिवदास आडोशामागे उभा होता. आधी एक साधी फिल्म झाली. मग बाईंनी पिचकारीतलं औषध हळूहळू आत सोडायला सुरुवात केली. हे औषध एक्स-रेत पांढरं दिसतं. आधी गर्भाशय भरतं, मग दोन्ही कोपऱ्यांतून केसासारख्या बारीक नळ्यांत शिरतं, आणि नळ्या उघड्या असल्या तर टोकाकडून पोटात सांडतं. सांडलं म्हणजे रस्ता मोकळा. तेच बघायचं असतं.

औषध आत गेलं आणि शेवंती कळवळली. तिने टेबलाची कड धरली, ओठ चावला, अंग ताठ केलं.

"ताठ होऊ नकोस, श्वास सोड," बाई म्हणाल्या. "जानकी, हात धर तिचा."

जानकीने हात धरला. तो ओला आणि गार होता. शिवदासने बटण दाबलं, फिल्मची पेटी काढली आणि अंधाऱ्या खोलीत धुवायला गेला. आता चार-पाच मिनिटं वाट बघायची. बाई हात धुवायला बाजूला गेल्या.

कळ ओसरत नव्हती. शेवंती डोळे मिटून पुटपुटत होती. जानकीला वाटलं देवाचं नाव घेत असेल. ती खाली वाकली. शेवंती म्हणत होती, "बाये, माका सोड. माका सोड गो बाये."

"कोणाला म्हणतेस?"

"पयल्या बायलेक," शेवंती म्हणाली. "माज्या घोवाची पयली बायल. तिचो शाप असा आमच्या घराक. आये दर सोमारी माका तिच्या नावान नारळ ठेवूक लावता, माफी मागूक लावता. मी तिचां काय वायट केलंय, मावशे? मी तिका बघूकसुद्धा नाय. दोन म्हयन्यांनी माका पंचवीस भरतली. आयेन तिसरी बघून ठेवल्यान हा. पेडण्यातली. माका म्हायेर नाय गो. बापूस गेलो, भाव घरात घेवचो नाय."

जानकीने तिचा हात सोडला नाही. राग होताच, तो जाईना, फक्त दुसऱ्या दिशेला फिरायला लागला. सोमवारी नारळ. माफी. तिच्या नावाने नारळ फोडून खोबरं कोण खात असेल? चंद्रावतीच. आणि तो, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो त्या वेळी ट्रकखाली वाकून टायर बघत असेल.

शिवदास ओली फिल्म घेऊन आला आणि उजेडाच्या पेटीवर लावली. बाई जवळ गेल्या. जानकीनेही पाहिली, इतक्या वर्षांत तिला वाचता येऊ लागलं होतं. मध्ये पांढरा त्रिकोण, गर्भाशय, स्वच्छ आणि नीट आकाराचं. आणि दोन्ही कोपऱ्यांशी औषध खुंटलं होतं. नळ्यांचा पत्ताच नव्हता.

"दोन्ही बाजूंना कोपऱ्यातच अडलंय," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "कधी कधी हा नुसता पेटका असतो, स्नायू आवळतो आणि रस्ता बंद दिसतो. पण हिला गोळी देऊन तास झालाय, त्यामुळे पेटका असण्याची शक्यता कमीच. बंदच असणार."

"मग पुढे काय करायचं, बाई?" शिवदासने विचारलं. बायकांचे नातेवाईक त्यालाच गाठून विचारायचे, म्हणून तो माहिती करून घ्यायचा.

"क्षयाची तपासणी करायची, नळ्या बंद होण्यामागे तो बऱ्याचदा असतो. मग पणजीला बेंबीतून दुर्बीण घालून, निळं औषध सोडून डोळ्यांनी खात्री करायची. एक्स-रेत बंद दिसलेल्या नळ्या दुर्बिणीत उघड्याही निघतात. कोपऱ्यात अडलेलं असलं तर मुंबईत बारीक तार घालून मोकळं करायचा प्रयत्न होतो, नाहीतर ऑपरेशन. टोकाला बंद होऊन नळीत पाणी साठलेलं असलं तर गोष्ट वेगळी. आणि काहीच जमलं नाही तर मुंबईची टेस्ट ट्यूब. पण ही माणसं त्यातलं काय करणार?" बाईंनी बाहेरच्या बाकाकडे नजर टाकली. "म्हातारीला 'बंद' एवढाच शब्द ऐकू येईल."

महिनाभर जानकीने जे मागितलं होतं ते त्या पेटीवर लटकत होतं. दोन्ही बंद. लेखी मिळेल. आणि ते मिळताच तिला पहिल्यांदा नीट दिसलं की आपण किती मोठ्या मूर्ख आहोत. ही बंद ठरली तर म्हातारीचं काय जातं? दोन महिन्यांनी एक कागद, एक सही, आणि तिसरी घरात. कृष्णनाथ पुन्हा स्वच्छ. पहिली वांझ, दुसरी वांझ, लेक आमचा सोन्याचा. जानकी स्वतःच्या हाताने चंद्रावतीला दाखला लिहून देत होती. सूड घ्यायला निघाली आणि शत्रूच्या घरी पाणी भरून आली.

खरं सांगितलं तर नोकरी जाईल हे तिला त्याच क्षणी कळलं. त्या नोकरीवर तिची खोली होती, तिचं जेवण होतं, भावाच्या दारात न जाण्याचा तिचा मान होता. एवढं सगळं तिने दोन श्वासांत तोललं.

"बाई," ती म्हणाली, "गोळी दिली नाही मी तिला. सोडामिंट दिली. आणि घाबरवलंही."

बाईंना आधी समजलंच नाही. जानकीने कमरेच्या पिशवीतून गोळी काढून त्यांच्यापुढे धरली. शिवदास फिल्मकडे बघत राहिला, कारण कुठेतरी बघायला हवं होतं.

"का?" बाईंनी विचारलं.

"तिचा नवरा आधी माझा होता."

बाईंनी गोळी तिच्या हातातून काढून घेतली. त्या रागावल्या की त्यांचा आवाज खाली जायचा. "महिना संपला की तू इथे नाहीस," त्या म्हणाल्या. "आता पेटका सोडवण्याचं इंजेक्शन भर. मी स्वतः देते."

इंजेक्शन दिलं. पायाखाली उशी घेतली, अंगावर चादर घातली. पंधरा मिनिटं थांबायचं होतं. जानकी शेवंतीच्या उशाशी गेली आणि तिला खरं तेच सांगितलं, जसं सगळ्यांना सांगायची. पाळीसारखी कळ येईल, जाईल. कोणी टेबलावरून पळालं नव्हतं, मी थाप मारली. तोंडाने श्वास सोड, खांदे ढिले सोड. शेवंतीने कारण विचारलं नाही. तिने फक्त जानकीचा हात पुन्हा घट्ट धरला. जानकीला तेव्हा लाज वाटली, आणि ती लाज तिला चंद्रावतीच्या नावावर टाकावीशी वाटली, पण टाकता आली नाही. ती तिची स्वतःची होती.

बाईंनी पुन्हा हळूहळू औषध सोडलं. या वेळी शेवंतीने डोळे मिटले, कण्हली, पण अंग ढिलं ठेवलं. शिवदासने फिल्म घेतली, थोडं थांबून आणखी एक घेतली. दोन्ही धुऊन आल्या. उजव्या बाजूची नळी नागमोडी, अखंड दिसत होती आणि तिच्या टोकाशी औषध पोटात मोकळं पसरलं होतं. डावीकडे औषध अजूनही कोपऱ्यातच थांबलं होतं.

"उजवी उघडी," बाई म्हणाल्या. "डावीचं नक्की सांगता येत नाही, खरंच बंद असेल किंवा अजून आवळलेली असेल. पण मूल राहायला एक पुरते. डावीसाठी आता दुर्बीण नको. आधी नवऱ्याची तपासणी. ती तर हिच्या आधी व्हायला हवी होती, पण आणतो कोण त्यांना."

शेवंतीला हात देऊन उठवलं, कापडाची घडी दिली, एक-दोन दिवस डाग पडतील, ताप आला किंवा पोट फार दुखलं तर लगेच या, असं बजावलं. मग बाईंनी चंद्रावतीला आत बोलावलं. एक नळी उघडी आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. लेकाला पाठवा, धातूची तपासणी करायची आहे.

"माज्या झिलाची?" चंद्रावती हसली. "ताका काय झालां? बारा चाकी हांकता तो."

"ट्रक हाकायला वेगळं लागतं," बाई म्हणाल्या. "त्याची तपासणी झाल्याशिवाय मी हिच्याबद्दल एक अक्षर लिहून देणार नाही."

चंद्रावती ताठ उठली. "धाडतंय. येवंदे. मागीर तुमचीं तोंडां बंद जातलीं." लेकावरचा तिचा विश्वास खराच होता. त्याच विश्वासाने तिने त्याला पुढच्या आठवड्यात स्वतः ओढून आणलं, नाहीतर तो सात जन्मांत आला नसता.

कृष्णनाथ आला तेव्हा जानकी मुद्दाम कपाटाआड थांबली. तो सुटला होता, कानाशी पांढरा झाला होता. पहिला नमुना झाला. बाईंनी नियमाप्रमाणे तीन आठवड्यांनी दुसरा मागवला, कारण एका नमुन्यावर कोणी निकाल देत नाही. दुसरा रिपोर्ट घ्यायला तो आई आणि बायकोला घेऊन आला तो महिन्याचा शेवटचा शनिवार होता, जानकीचाही शेवटचा. शनिवारी दवाखाना खचाखच भरायचा. बाकांवर जागा नव्हती, भिंतीशी बायका उभ्या होत्या, त्यात डिचोलीकडच्याच निम्म्या.

बाईंनी नवरा-बायकोला आत घेतलं. दार पातळ होतं आणि जानकी दाराशी होती. दोन्ही वेळा एकही जीव सापडला नाही. कधी कधी पुरुषाचीही वाट मध्ये अडलेली असते, त्यासाठी पणजीला तज्ज्ञाला दाखवा, आशा सोडू नका, असं बाई म्हणाल्या. बायकोत दोष नाही हेही म्हणाल्या. कृष्णनाथने कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात घातली आणि तो बाहेर आला. मागून शेवंती.

"काय म्हणता?" चंद्रावतीने विचारलं.

कृष्णनाथने इकडे तिकडे बघितलं. "तिच्यातच दोष असा," तो म्हणाला. "एक नळी बंद."

चंद्रावतीने मान हलवली, जणू भाव ठरला. "माका खबर आसलां. बरें. आतां उठ. पेडण्याक निरोप धाडूया."

शेवंती पदराची कड बोटाला गुंडाळत उभी राहिली. ती काही बोलेल असं जानकीला वाटलं होतं. ती बोलली नाही. दहा वर्षांपूर्वी सही करताना जानकी तरी कुठे बोलली होती. जानकीने हातातला ट्रे ठेवला आणि म्हातारीसमोर जाऊन उभी राहिली.

"आये," ती म्हणाली, "माका वळाखलंय?"

त्या हाकेला चंद्रावतीची मान वर झाली. आता तिने आयाबाईच्या तोंडाकडे बघितलं. डोळे बारीक करून, पुढे झुकून बघितलं. कृष्णनाथने आधी ओळखलं. तो एक पाऊल मागे सरला, पण मागे बायकांची भिंत होती.

"जानकी," म्हातारी म्हणाली.

"जानकीच. माझी पंचवीस भरल्यावर सही घेतलीस. तेव्हा तुझ्या झिलाने तोंड उघडलं नाही. आज उघडलं तर खोटं बोलला." जानकीचा आवाज चढला नव्हता, पण आजूबाजूचं बोलणं थांबलं होतं. "त्याच्या खिशात कागद आहे. त्याला वाचायला सांग."

"तुजो काय संबंध?" कृष्णनाथ म्हणाला. "आये, चल. ही पिशी असा."

"वाच ना मग," जानकी म्हणाली. "वेडीला खोटी पाड."

त्याने खिशावर हात दाबून धरला. चंद्रावती लेकाच्या त्या हाताकडे बघत होती. डोळे गेले असले तरी एवढं तिला दिसलं. "किरष्णा," ती म्हणाली, "कागद कित्याक धरून ऱ्हवलंय?"

तो गप्प. त्या घराची जुनी सवय. मग एक गोष्ट घडली जी जानकीने योजलेली नव्हती. शेवंतीने पदर सोडला, पुढे होऊन नवऱ्याचा हात बाजूला केला आणि कागद काढून घेतला. त्याने तिचं मनगट धरलं. बाकावरची एक जाडजूड बाई उठून उभी राहिली, नुसती उभी राहिली, आणि त्याने मनगट सोडलं.

शेवंती सातवीपर्यंत शिकली होती. कागद इंग्रजीत होता, पण खाली बाईंनी समजावून सांगण्यासाठी मराठीत दोन ओळी लिहिल्या होत्या. तिने त्या अक्षरावर बोट ठेवून वाचल्या. कृष्णनाथ, वय चव्वेचाळीस. दोन्ही नमुने. जिवंत बीजं शून्य, मृत बीजं शून्य. पत्नीची उजवी नळी उघडी.

आवाज तिचा इतका बारीक होता की पुढच्या बाकापलीकडे गेला नसेल. चंद्रावतीने मात्र ऐकलं. ती दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसली. मग तिने हात लांबवून जानकीची साडी चाचपली आणि ती पकडून खाली ओढली, जवळ, कानाशी बोलता येईल इतकी.

"बाये," ती कुजबुजली, "आतां पुरें. गांवचीं मनशां असत हंय. तुज्या पायां पडतंय. तिका म्हण, कागद घडी कर म्हण."

जानकीने म्हातारीची बोटं एकेक करून साडीवरून सोडवली. सावकाश सोडवली. दहा वर्षं थांबलेलं माणूस घाई कशाला करील? मग ती सरळ उभी राहिली आणि शेवंतीकडे वळली.

"परत वाच गो," ती म्हणाली. "मागच्यांक आयकूक येवक नाय."

शेवंतीने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा सासूकडे. मग घसा साफ केला, कागद वर धरला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.